आधी आंबट शोधा!

संध्याकाळी साडेपाचला शेजारच्या काकू हातात वाटी घेऊन दारात उभ्या. "अगं, खायचा सोडा संपलाय माझ्याकडचा. ढोकळ्याचं पीठ कालवून ठेवलंय, पाहुणे वाटेवर आहेत. तुझ्याकडे ती केकची पावडर असते ना, तीच टाकू का? दोन्ही एकच की!"

मी उलट विचारलं, "काकू, पिठात लिंबू पिळलंय का?"

"हो, अख्खं. का गं?"

कारण सगळा फरक त्या लिंबात आहे. खायचा सोडा आणि बेकिंग पावडर दिसायला जुळ्या बहिणी: दोन्ही पांढऱ्याशुभ्र, दोन्हींनी पीठ फुलतं, दोन्ही चमच्यानं मोजायच्या. पण एकीला फुलायला तुमच्या घरातलं काहीतरी आंबट लागतं आणि दुसरी आपलं आंबट बरोबर घेऊनच डब्यात बसलेली असते. हे एकदा कळलं की कुठल्याही पाककृतीत काय घालायचं, किती घालायचं आणि बिघडलं तर का बिघडलं, ते कळायला लागतं.

डब्यात काय आहे?

खायचा सोडा, म्हणजेच बेकिंग सोडा, हा एकच पदार्थ आहे: सोडियम बायकार्बोनेट. शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत हा सौम्य आम्लारी, आंबटाच्या अगदी उलट स्वभावाचा. साध्या थंड पाण्यात टाकला तर मुकाट विरघळतो. लिंबू, दही, ताक, व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड, काहीही आंबट भेटलं की मात्र फसफसतो. ती फसफस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि पीठ फुगवतो तो हाच वायू.

बेकिंग पावडरीतही हाच सोडा असतो, पण साधारण पाव ते एक तृतीयांश भाग. डब्यातल्या बाकीच्या भागात एक किंवा दोन कोरड्या स्वरूपातली आम्लं आणि उरलेलं कॉर्नफ्लॉवर. कॉर्नफ्लॉवर भेसळ म्हणून घातलेलं नसतं. हवेतला ओलावा ते स्वतः शोषून घेतं, त्यामुळे सोडा आणि आम्ल डब्यातच एकमेकांशी भिडत नाहीत. पाणी लागेपर्यंत दोघांना वेगळं ठेवणं हे त्याचं काम.

तुमच्या घरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचून बघा, तिथे आकडे दिसतील. ५०० म्हणजे सोडा. ३४१, ४५० किंवा ५२१ असे आकडे सोबत असले तर ती त्याच्या जोडीदार आम्लांची नावं: कॅल्शियमचं फॉस्फेट, सोडियमचं पायरोफॉस्फेट, सोडियम ॲल्युमिनियम सल्फेट. फक्त ५०० असेल तर तो सोडा, सोबत कुणी असेल तर ती पावडर. दुकानात घाईत उचललेलं पाकीट कुठलं आहे, याचा हा सर्वांत सोपा निवाडा.

चमचाभर सोड्यात दीड लिटर!

चहाचा एक चमचा सोडा म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम. त्याला पुरेसं आंबट मिळालं, तर त्यातून साध्या तापमानाला जवळपास दीड लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाण्याची मोठी बाटली भरेल इतका! म्हणून तर पाककृतीत 'चिमूटभर' आणि 'पाव चमचा' असे शब्द येतात.

आंबट अजिबात नसेल तर? तरीही सोडा थोडं काम करतो, कारण नुसत्या उष्णतेनंही तो फुटतो. भज्यांच्या पिठात आपण काही आंबट घालत नाही. सोडा टाकून वर कडकडीत तेलाचं मोहन घालतो आणि पीठ चर्र करून फुलतं. पण या मार्गानं वायू निम्माच मिळतो. उरलेल्या निम्म्याचं काय होतं, ते ऐकण्यासारखं आहे. तो सोडियम कार्बोनेट होऊन पदार्थातच राहतो, आणि सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा! केकला किंवा भज्यांना कधीकधी साबणासारखी, जिभेला बोचणारी चव येते ती यामुळेच. चिमूटभर सोड्यात ती जाणवत नाही. अर्धा चमचा पडला की पहिल्या घासालाच कळते.

म्हणून पहिला प्रश्न कायम तोच: या पिठात आंबट काय आहे आणि किती आहे?

स्वयंपाकघरात वापरता येईल असा हिशेब असा. अर्धी वाटी दही किंवा ताक साधारण पाव चमचा सोडा भागवतं. इथली वाटी म्हणजे केकच्या मापाचा २४० मिलिलिटरचा कप. एका चांगल्या रसाळ लिंबातून दोन मोठे चमचे रस निघतो आणि तो जवळजवळ अर्धा चमचा सोडा भागवतो. सायट्रिक ॲसिडचे खडे वापरत असाल तर वजनानं तीन भाग खड्यांना चार भाग सोडा. एवढ्या तीन ओळी फ्रिजवर चिकटवल्या तरी वर्षभराचे ढोकळे आणि केक सांभाळले जातात.

काकूंच्या ढोकळ्याचं काय झालं

काकूंच्या पिठात दीड वाटी बेसन, हळद, मीठ, थोडी साखर आणि अख्ख्या लिंबाचा रस होता. समजा मी त्यांना बेकिंग पावडर दिली असती, तर काय झालं असतं? अर्धा चमचा सोड्याइतकं काम करायला दोन चमचे पावडर लागते, कारण तिच्यात सोडा पाव हिस्साच. शिवाय पावडरीतला सोडा तिच्यातलंच आम्ल भागवण्यात गुंततो, त्यामुळे काकूंचं लिंबू जवळजवळ जसंच्या तसं उरलं असतं आणि ढोकळा आंबटढाण झाला असता. पावडरच वापरायची असती तर लिंबू पिठात घालायलाच नको होतं. आंबटपणा हवाच, तर तो नंतर फोडणीच्या साखरपाण्यातून द्यायचा.

माझ्याकडे सोडा होता, तोच दिला. अर्धा चमचा. लिंबाशी माप बरोबर जुळत होतं.

तासाभरानं काकू परत आल्या, या वेळी ताटली घेऊन. ढोकळा मस्त फुलला होता, पण पिवळ्या वड्यांवर जागोजागी लालभडक ठिपके. "हे काय झालं? सोडा जास्त झाला का?"

सोडा जास्त नव्हता झाला, सोडा नीट विरघळला नव्हता. आणि चुगली केली हळदीनं.

हळदीतला रंगद्रव्य पदार्थ, कुर्क्युमिन, आंबट पिठात पिवळा असतो आणि आम्लारी भेटला की लाल होतो. आपल्याकडे हे ज्ञान नवीन नाही. हळदीवर क्षाराची प्रक्रिया करूनच पूर्वी कुंकू बनवत. ढोकळ्यात घडतं ते याच्याच धाकट्या भावंडासारखं: सोड्याची एखादी बारीक गुठळी कोरडीच राहते, तिच्यापर्यंत लिंबाचा रस पोचत नाही, आणि तिथली हळद लाल होते.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढची. पीठ कालवताना हे ठिपके दिसत नाहीत, ते दिसतात वाफवल्यानंतर. कारण सोडा स्वतः फार तीव्र नसतो. वाफेच्या उष्णतेत त्या गुठळीतला सोडा फुटून धुण्याचा सोडा होतो, तो कितीतरी जास्त तीव्र, आणि मग हळद पेटल्यासारखी लाल होते. पातेल्याचं झाकण उघडल्यावर धक्का बसतो तो यामुळे.

खात्री करायची असेल तर लाल ठिपक्यावर लिंबाचा एक थेंब टाका. डोळ्यांदेखत पिवळा होईल. काकूंनी करून बघितलं आणि मग सगळ्या ठिपक्यांवर थेंब टाकत बसल्या.

ठिपके आणि सगळीकडचा रंग यांतला फरक मात्र ओळखायला हवा, कारण दोन्हींची कारणं वेगळी आहेत. मधूनमधून ठिपके असतील तर प्रमाण बरोबर आहे, मिसळणं चुकलं. अशा वेळी सोडा आधी गाळणीतून चाळा किंवा दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवून मग पिठावर ओता. पण सगळा ढोकळाच नारिंगी-तांबूस झाला असेल आणि चव तुरट-साबणी लागत असेल, तर सोडा खरोखरच जास्त झाला आहे किंवा लिंबू कमी पडलं आहे. त्या वेळी कितीही ढवळून उपयोग नाही.

बुडबुडे सोडा बनवत नाही

हे वाचून मीही चकित झाले होते. सोडा किंवा पावडर पिठात नवे बुडबुडे तयार करत नाहीत. जे बारीक बुडबुडे आधीपासून पिठात आहेत, ते फक्त मोठे करतात. वायू सुटला की तो पिठातल्या पाण्यात विरघळतो आणि तिथून जवळच्या हवेच्या एखाद्या कणात शिरतो. ते हवेचे कण कुठून आले? तुम्ही फेटताना घातलेत! केकसाठी लोणी आणि साखर पांढरं होईपर्यंत फेटायला सांगतात ते यासाठी, आणि ढोकळ्याचं पीठ सोडा घालण्यापूर्वी हातानं चांगलं फेटायचं तेही यासाठीच. जितके कण बारीक आणि भरपूर, तितकी जाळी नाजूक आणि एकसारखी. फेटलंच नाही तर तोच वायू थोड्याच कणांत जातो आणि मोठमोठी भोकं पडतात.

सोडा घातल्यानंतर मात्र फेटायचं नाही, हलक्या हातानं तीन-चार वेळा फिरवून थांबायचं. 'एकाच दिशेनं फिरवा' असं घरोघरी सांगतात. दिशेत काही रसायन नाही, पण तसं फिरवताना हात आपोआप हळू आणि मोजका चालतो, म्हणून सल्ला उपयोगी पडतो.

आणि मग शर्यत सुरू होते. वायू पिठातून निसटायच्या आत पीठ शिजून घट्ट व्हायला हवं. बेसनातली प्रथिनं आणि स्टार्च गरम होऊन आवळले की जाळीच्या भिंती पक्क्या होतात. लिंबू आणि सोडा यांची गाठ पडल्यावर बहुतेक वायू काही मिनिटांतच सुटून जातो. म्हणून पाणी आधी खळखळ उकळत हवं, ताटलीला तेल आधी लावलेलं हवं, कुकरची शिट्टी आधी काढलेली हवी, आणि सोडा सगळ्यात शेवटी. पीठ फुललेलं बघून कुणी फोन घेतला तर ढोकळा चपटा आणि दडदडीत होणार, मग प्रमाण कितीही अचूक असो.

दोनदा फुलणारी पावडर

ही घाई केकला परवडत नाही. पीठ भांड्यात ओतायचं, वर बदाम लावायचे, ओव्हन तापायची वाट बघायची. बेकिंग पावडर याच अडचणीवरचं उत्तर आहे.

डब्यावर 'डबल ॲक्शन' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ आत दोन वेगवेगळ्या स्वभावांची आम्लं आहेत. पहिलं दुधा-पाण्याचा स्पर्श होताच सोड्याशी भिडतं आणि थोडा वायू लगेच देतं. दुसरं थंडपणी स्वस्थ बसतं आणि ओव्हनची ऊब लागल्यावर कामाला लागतं, म्हणजे नेमकं भिंती पक्क्या व्हायच्या सुमारास. त्यामुळे पीठ दहा-पंधरा मिनिटं थांबलं तरी केक फुलतो.

बिनअंड्याचा दह्याचा केक करणाऱ्यांना आता एक जुनं कोडं सुटेल. दीड वाटी मैदा, एक वाटी दही, अर्धा चमचा सोडा आणि वर सव्वा चमचा बेकिंग पावडर. दोन्ही का? एक वाटी दही अर्धा चमचा सोडा बरोबर भागवतं, हिशेब चोख. पण दह्यात सोडा घालून आपण तो फसफसू देतो आणि पुढची मिसळामिसळ होईपर्यंत त्यातला बराच वायू उडून जातो. ओव्हनमधल्या फुगवट्यासाठी काहीतरी राखीव लागतं, ते पावडर देते. इथला सोडा फुगवण्याइतकाच दह्याचा आंबटपणा घालवायला आणि केकला सोनेरी रंग यायला आहे. आंबट पीठ लवकर तांबूस होत नाही, किंचित आम्लारी झालं की पटकन होतं.

नानखटाईत हे फार स्पष्ट दिसतं. सोड्याची नानखटाई पसरते, तडकते आणि तांबूस होते. फक्त पावडरीची उंच, फिकट आणि गुळगुळीत राहते. दोन्ही चविष्ट, पण बेकरीसारखी तडकलेली हवी असेल तर सोडा हवाच.

'जास्त घातलं की जास्त फुलेल' हा हिशेब मात्र कधीच जमत नाही. एक वाटी मैद्याला चमचाभर पावडर पुरते. अडीच-तीन चमचे घातली की बुडबुडे इतके फुगतात की एकमेकांत मिसळून फुटतात. केक ओव्हनमध्ये डोंगरासारखा चढतो आणि भिंती पक्क्या होण्याआधीच मधोमध खचतो. वर कड्यांसारखी किनार आणि मधे खड्डा असा केक दिसला की ओव्हनला दोष देण्याआधी चमचा मोजून बघा.

हाडं, पिंपं आणि एका बायकोची ॲलर्जी

या डब्याचा इतिहासही आंबटाच्या शोधाचाच आहे. १८४३ मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानं बेकिंग पावडर बनवली. त्याच्या बायकोला, एलिझाबेथला, यीस्ट सोसत नव्हतं आणि तिला पाव खाता यावा अशी त्याची इच्छा होती. तिला अंडीही सोसत नसत. बिनअंड्याची कस्टर्ड पावडर त्यानं तिच्यासाठीच आधी बनवली होती. आपल्या घरच्या फ्रूट कस्टर्डची मूळ पावडर या प्रेमातून आलेली आहे!

त्या काळी सोड्याला जोडीदार म्हणून क्रीम ऑफ टार्टर वापरत. द्राक्षाची वाइन मुरताना पिंपाच्या आत जे खडे चिकटतात, ते खरवडून आणि शुद्ध करून हे मिळतं. अमेरिकेला ते युरोपातून आणावं लागे आणि महाग पडे. हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये त्याऐवजी कॅल्शियम फॉस्फेटच्या आम्लाचं पेटंट घेतलं. सुरुवातीला ते मिळवलं जाई जनावरांच्या हाडांपासून. आज हेच फॉस्फेट खडकांतून काढलेल्या खनिजापासून बनतं, आणि डब्यावरचा ३४१ हा आकडा त्याचाच.

आपल्याकडचा घरगुती चुलतभाऊ म्हणजे फ्रूट सॉल्ट. पोट बिघडल्यावर पाण्यात टाकून पितो ते इनो म्हणजे मुख्यतः सोडा आणि सायट्रिक ॲसिड, कॉर्नफ्लॉवर नसलेली बेकिंग पावडरच जणू. आंबट आत असल्यामुळे ढोकळ्यात लाल ठिपके सहसा पडत नाहीत. पण ते एकदाच आणि फार जोरात फुलतं, त्यामुळे घाई सोड्याहूनही जास्त.

पावसाळ्यातला डबा

सोडा वर्षानुवर्षं टिकतो. पावडर टिकत नाही, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. ओला चमचा एकदा आत गेला किंवा झाकण सैल राहिलं की दमट हवेत सोडा आणि आम्ल डब्यातच भिडतात, वायू उडून जातो आणि उरते ती मेलेली पांढरी पूड. दिसायला ती तशीच असते. गुठळ्या दिसल्या तर शंका घ्या, पण गुठळी नसली म्हणजे ती जिवंत आहे असंही नाही.

म्हणून केकच्या दिवशी आधी परीक्षा. अर्ध्या वाटी गरम पाण्यात चमचाभर पावडर टाका. लगेच जोरात फसफसली तर चांगली, चार बुडबुडे येऊन थांबली तर फेकून द्या. सोड्याला गरम पाण्यानं तपासू नका, त्यावर लिंबू पिळा.

आणि लेबल गळून पडलेले दोन डबे समोर असतील तर? दोन बशा घ्या, प्रत्येकीत चमचाभर थंड पाणी. दोन्हींत एकेका डब्यातली चिमूटभर पूड टाका. जिच्यात थंड पाण्यातच बुडबुडे येतात, ती पावडर. काहीच झालं नाही तर तो सोडा असेल किंवा जुनी, मेलेली पावडर. तिथे पुन्हा हळद कामाला येते. दोन्ही बशांत हळदीची चिमूट टाका आणि त्या किंचित गरम करा. सोड्याची बशी तांबूस-लाल होते, पावडरीची पिवळीच राहते.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी हा प्रयोग केला आणि मला हाक मारून दाखवला. त्यांच्या कपाटात मागे पडलेला एक डबा निघाला होता, बिनलेबलाचा, दोन वर्षांपूर्वीचा. हळद लाल झाली. सोडा संपलेला नव्हताच, डब्यांच्या मागे दडला होता.